आठ किलोंची सॅक: राजमाचीच्या दोन दिवसांच्या पावसाळी ट्रेकची तयारी

यंदाच्या २२ जूनला मी पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, पहिल्यांदा भर पावसात गेले. कर्जतहून आंबिवलीला जाऊन एका दिवसात परत यायचा हा ट्रेक आहे. माझे वय त्रेचाळीस असून उन्हाळ्या-हिवाळ्यातले सात-आठ किल्ले माझे पाहून झाले होते, त्यामुळे वेगळी काही तयारी करावी असे मला वाटले नाही. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स, त्यावर गळ्यापर्यंत बंद केलेला जाड प्लास्टिकचा रेनकोट आणि पाठीवर रेनकव्हर चढवलेली सॅक, एवढ्यावर मी निघाले. पेठच्या वाडीपर्यंतच्या चढात रेनकोटच्या आत घामाने इतकी भिजले की पाऊस अंगाला न लागताही टी-शर्ट पिळून काढता आला असता. सुळक्याच्या पायथ्याच्या गुहेत जेवायला बसलो तेव्हा वारा सुटला आणि दहा मिनिटांत मला हुडहुडी भरली. कोरडा टी-शर्ट घालावा म्हणून सॅक उघडली, तर त्याच्या घडीच्या खालच्या भागातून पाणी ठिबकत होते. बोटे इतकी आखडली होती की डब्याचे झाकण मैत्रिणीला उघडावे लागले.

याच मैत्रिणीने जुलैत राजमाचीच्या दोन दिवसांच्या ट्रेकला नाव नोंदवले होते. लोणावळ्याहून चालत उधेवाडीला जायचे, तिथे गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला उतरून कर्जत गाठायचे, असा बेत होता. मुक्काम असल्यामुळे इथे भिजून थेट घरी येण्याची सोय नव्हती. पुढचे चार आठवडे मी जी तयारी केली, ती घडली त्याच क्रमाने इथे लिहीत आहे.

नोंदणीचा अर्ज मी २५ जूनला भरला. शुल्क सोळाशे रुपये होते आणि त्यात उधेवाडीतले जेवण, मुक्काम आणि कोंदिवडे ते कर्जत हा गाडीचा प्रवास धरलेला होता. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, रक्तगट, चालू असलेल्या औषधांची माहिती आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मागितले होते. प्रमाणपत्रासाठी मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांकडे दोन तास थांबावे लागले आणि तीनशे रुपये लागले. रक्तदाब त्यांनी दोनदा तपासला. दोन दिवसांनी अर्ज परत आला, कारण आणीबाणीत संपर्क करायची व्यक्ती म्हणून मी त्याच मैत्रिणीचे नाव दिले होते. ट्रेकमध्ये सोबत असलेली व्यक्ती संपर्कासाठी चालत नाही, घरी असणारी आणि फोन उचलणारी व्यक्ती हवी, असे कळवण्यात आले. मी भावाचे नाव घातले आणि अर्ज ३० जूनला मान्य झाला.

मान्यतेसोबत सामानाची यादी आली. तिच्या सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिले होते की पाण्यासह आणि सामूहिक सामानाच्या वाट्यासह सॅकचे वजन आठ किलोंपेक्षा जास्त नसावे आणि ६ जुलैला दादरच्या बैठकीत सॅक वजन करून पाहिली जाईल. मुक्कामाच्या ट्रेकसाठी आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे चालते असे मी ऐकून होते. माझे वजन सत्तावन्न किलो असल्याने तो हिशेब साडेअकरा किलोंच्या आसपास जात होता. बैठकीत मी हे विचारले तेव्हा आमच्या ट्रेकच्या नेत्यांनी सांगितले, “ताई, तो हिशेब कोरड्या वाटेचा आहे. आपण शेवाळलेल्या दगडांवरून उतरणार आहोत. पाय सरकला की पाठीवरचं ओझं आधी जातं आणि मागून माणूस जातो.”

माझी पहिली सॅक ११ किलो ९०० ग्रॅम भरली होती. सामान मोजण्यासाठी मी साडेतीनशे रुपयांचा आकडीचा काटा घेतला होता आणि बारीक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या होत्या. सगळ्याच वस्तू थोड्याथोड्या कमी करून उपयोग होत नाही, हे त्यातून कळले. वजन तीन-चार ठिकाणीच दडलेले असते. भावाकडून आणलेली साठ लिटरची सॅक रिकामीच १ किलो ८०० ग्रॅम होती, तिच्या जागी पंचेचाळीस लिटरची १ किलो २०० ग्रॅमची आणली. ती लहान असल्यामुळे जास्तीचे सामान आपोआप बाहेर राहिले. पाणी तीन लिटर घेतले होते ते दोन केले, कारण उधेवाडीत बाटल्या पुन्हा भरून मिळणार होत्या. त्याहून कमी मात्र केले नाही. पावसात तहान जाणवत नसली तरी दमट हवेत घाम भरपूर जातो आणि ट्रेकमध्ये पायात गोळे येणाऱ्यांत पाणी न प्यायलेले पुष्कळ असतात. टर्किशचा टॉवेल ४५० ग्रॅमचा होता, त्याऐवजी १२० ग्रॅमचा पंचा घेतला. खाण्याचे पदार्थ दीड किलोंहून जास्त होते. जेवण गावात मिळणार असल्याने दोन दुपारच्या वाटचालीपुरते थेपले, खजूर आणि गूळ-शेंगदाणे एवढेच ठेवले आणि ते ९०० ग्रॅम झाले.

सर्वांत मोठी कपात कपड्यांची होती आणि ती करताना मला एक प्रयोग उपयोगी पडला. न्हाणीघरातल्या बादलीत मी चार कपडे बुडवले, दहा मिनिटे दांडीवर निथळू दिले आणि मग तोलले. सुती टी-शर्ट कोरडा १८० ग्रॅम होता, तो ४७० झाला. ड्रायफिटचा टी-शर्ट १३० वरून २२० झाला. जीन्स ६५० ग्रॅमची होती, ती दीड किलोच्या जवळ पोचली, तर नायलॉनची ट्रॅकपँट २४० वरून ३७० वर थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायफिट आणि ट्रॅकपँट हाताला जवळजवळ कोरडी लागत होती. टी-शर्ट ओलसर होता आणि जीन्सच्या कमरेच्या शिवणीतून पाणी अजून निघत होते. सुती कापड पाणी नुसते धरून ठेवत नाही, ते अंगाला चिकटवूनही ठेवते आणि वाऱ्यात ते पाणी सुकते तेव्हा त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या अंगातून घेते. कोथळीगडाच्या गुहेत मी कशाने गारठले होते, हे मला त्या दिवशी उमगले. मुंबईच्या पावसात हे लक्षात येत नाही, कारण इथे भिजून माणूस अर्ध्या तासात घरात किंवा लोकलमध्ये शिरतो.

त्यानंतर कपड्यांचे गणित सोपे झाले. अंगावर एक जोड असायची आणि ती दोन्ही दिवस भिजणार हे गृहीत धरायचे. सॅकमध्ये दुसरी जोड असायची आणि ती कोणत्याही परिस्थितीत कोरडी ठेवायची. या दोन जोडांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. भिजणाऱ्या जोडीत पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट, नायलॉनची ट्रॅकपँट आणि वर विंडचीटर होते. आतले कपडेही सुती नकोत, कारण ओला सुती काठ मांडीला घासून कातडी सोलवटून काढतो. निघण्यापूर्वी जांघेत आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलिन चोळायला यादीतच सांगितले होते. कोरड्या जोडीत हलका टी-शर्ट, लेगिंग्ज, आतले कपडे, एक जोडी मोजे आणि २८० ग्रॅमचा पातळ फ्लीसचा जॅकेट होता. जाड स्वेटर मी ठेवला नाही. जुलैत राजमाचीच्या उंचीवर थंडी हिवाळ्यासारखी पडत नसते. तिथे गारठा वाऱ्याने आणि ओलीने येतो, आणि त्याला कोरडे पातळ कापडही पुरते.

विंडचीटर निवडताना माझे तीन दिवस गेले. दुकानात कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे त्या कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी आत झिरपू लागते, तो आकडा असतो. घाम बाहेर सोडणाऱ्या महागड्या जॅकेटचा मला मोह झाला होता. पण असे कापड घामाची वाफ बाहेर टाकते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकावर. थंड कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो, तर सह्याद्रीच्या ढगात, जिथे बाहेरची हवाच बाष्पाने तुडुंब भरलेली असते, तिथे तो फारसा उरत नाही. म्हणून कापडापेक्षा वारा खेळण्याची सोय महत्त्वाची, असे नेत्यांनी सांगितले आणि मी काखेत चेन असलेला, पुढून पूर्ण उघडणारा चौदाशे रुपयांचा साधा विंडचीटर घेतला. घरातला सहा वर्षांपूर्वीचा एक विंडचीटर मी बाहेर काढून पाहिला होता. मुंबईच्या दमटपणात कपाटात पडून त्याचे आतले आवरण चिकट झाले होते आणि नखाने पापुद्रे निघत होते. जुना कोट नेणाऱ्यांनी निघण्याच्या आधल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी आतून हात फिरवून पाहावे. पोंचोचा विचारही मी केला होता. त्यात हवा खेळते, पण उतारावर पुढचे पाऊल दिसत नाही आणि धारेवरच्या वाऱ्यात तो डोक्यावर उलटतो.

आता सॅकचा प्रश्न होता. रेनकव्हर असूनही पेठला कपडे भिजले कसे, हे शोधण्यासाठी मी सॅकमध्ये चार ठिकाणी वर्तमानपत्राचे घडी केलेले कागद ठेवले: एक वरच्या कप्प्यात, एक पाठीच्या बाजूला, एक तळाशी आणि एक गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. कव्हर चढवले, सॅक पाठीला लावून वीस मिनिटे शॉवरखाली उभी राहिले आणि मग कागद काढले. वरचा कागद कोरडा होता. पाठीचा ओला होता आणि तळाचा लगदा झाला होता. कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकते, पाठ झाकत नाही. मानेवरून उतरणारे पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली जाते, फोममध्ये मुरते आणि शेवटी कव्हरच्याच खोळीत साठते. कव्हरच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोक नसेल तर आपण एक लहान तळे पाठीवर घेऊन चालत असतो. माझ्या कव्हरला भोक नव्हते. ते मी नंतर तापलेल्या सुईने पाडले.

पिशवीतला कागद मात्र कोरडा होता, आणि सामान आतून जलरोधक करायचे असते हे त्याने मला पटवले. मशीद बंदरच्या बाजारातून साठ रुपयांत पॅकिंगची जाड, सॅकपेक्षा बरीच उंच अशी पॉलिथिनची पिशवी आणली आणि ती सॅकच्या आत लायनर म्हणून उघडून बसवली. कोरडी जोड आणि पातळ चादर यांसाठी साडेचारशे रुपयांची दहा लिटरची ड्राय बॅग घेतली आणि ती लायनरच्या आत सर्वांत खाली ठेवली. ड्राय बॅगेतली हवा आधी गुडघ्याने दाबून काढायची, मग तोंडाची पट्टी किमान तीनदा गुंडाळायची. एका वेढ्याने ती बंद झाल्यासारखी दिसते, पण दाब पडला की पाणी आत घेते. लायनरचे तोंड पिळायचे, पिळलेला भाग खाली दुमडायचा आणि रबराने बांधायचा. पुन्हा तोच कागदांचा प्रयोग केला तेव्हा सॅक चिंब झाली, पण आतले सगळे कागद वाचता आले. दिवसा लागणाऱ्या वस्तू, म्हणजे खाऊ, औषधे आणि टॉर्च, लायनरच्या बाहेर वरच्या कप्प्यात झिपलॉक पिशव्यांत ठेवल्या, म्हणजे भर पावसात लायनर उघडण्याची वेळच येणार नव्हती.

बैठकीत माझी सॅक ६ किलो ८६० ग्रॅम भरली. त्यावर ६०० ग्रॅमचा सामूहिक वाटा आला, तो ताडपत्रीचा होता. एकूण साडेसात किलोंच्या आत बसले. दोघांच्या सॅक मर्यादेबाहेर होत्या आणि त्यांना सर्वांसमोर त्या उपसाव्या लागल्या. एकाने दाढीचे सामान आणि दोन जीन्स भावाबरोबर घरी धाडल्या.

ट्रेक १२ आणि १३ जुलैला होता. ११ तारखेच्या दुपारी हवामान विभागाच्या अंदाजात पुण्याच्या घाटमाथ्यासाठी अतिवृष्टीचा इशारा आला आणि ट्रेक एक आठवडा पुढे ढकलला गेला. घाटमाथ्याचा अंदाज शहराच्या अंदाजापेक्षा वेगळा दिलेला असतो आणि मुंबईत ऊन असले तरी तोच पाहायचा असतो. दुसरी गोष्ट प्रशासनाच्या आदेशांची. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धबधबे, धरणे आणि किल्ल्यांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली असत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असतात. राजमाची पुणे जिल्ह्यात आणि कोंढाणे लेणी रायगड जिल्ह्यात असल्याने आमच्या नेत्यांनी दोन्हीकडचे आदेश १७ तारखेला पाहिले आणि उधेवाडीत फोन करून ओढ्यांची स्थिती विचारली. त्या एका आठवड्यात माझी सॅक भरलेलीच राहिली. टॉर्चमधले सेल तेवढे काढून ठेवले, कारण आत पडून राहिलेले सेल गळू शकतात.

१९ जुलैला पहाटे ठाण्याहून इंद्रायणी एक्स्प्रेसमध्ये चढले. लोणावळ्याला उतरलो तेव्हा संततधार होती आणि सगळ्यांनी फलाटावरच रेनकोट चढवले. नेत्यांनी पंधरा मिनिटांनी, तुंगार्लीच्या चढाला लागताच, ते उतरवायला लावले. “चालताना कमी, थांबताना जास्त,” एवढेच ते म्हणाले. मी विंडचीटर काढून सॅकच्या जाळीत खोचला आणि आपण होऊन भिजले. पहिली पाच मिनिटे अंग चोरून घेतले, मग चालण्याची ऊब आली आणि ड्रायफिटमधून पावसाचे पाणी वाहून जाऊ लागले. पेठला जाणवलेली ती कोंदटलेली घुसमट या वेळी नव्हती. पुढे झाडी संपून वाट उघड्या पठारावर आली आणि दरीतून वारा येऊ लागला, तेव्हा मी विंडचीटर पुन्हा घातला. तो पावसासाठी नव्हता, कारण मी भिजलेलीच होते. वारा अडवण्यासाठी होता. काखेतल्या चेनी उघड्या ठेवल्या. उधेवाडीपर्यंतच्या साधारण पंधरा किलोमीटरांत मी तो चार वेळा घातला आणि काढला. कंटाळा येतो, पण मान आणि छाती गरम झाल्याची जाणीव होताच काढणे आणि बोटांची टोके गार पडताच घालणे, या दोन खुणांवर चालले तर अंग ना तापते ना गारठते.

बुटांबद्दल दोन शब्द सांगते, कारण दुकानदार जलरोधक बूट गळ्यात मारतात. वाटेत पहिल्याच ओढ्यात पाणी पोटरीपर्यंत होते. जलरोधक बुटांत ते घोट्यावरून आत शिरते आणि मग बाहेर पडत नाही. माझे बूट जाळीच्या कापडाचे होते. ओढा ओलांडला की वीस-तीस पावलांत त्यातले पाणी पिचकत निघून जाई. तळव्याचे रबर मऊ आणि खाचा खोल असणे मात्र अत्यावश्यक आहे. ओढ्यात शिरण्यापूर्वी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय सुटला तर सॅक टाकून देता येते.

दुपारी तीनच्या सुमारास उधेवाडीत पोचलो. ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या मावशींनी ओसरीतच ओले कपडे काढायला जागा दिली. मी ड्राय बॅग उघडली तेव्हा फ्लीसला कपाटातल्या कापडाचा कोरडा वास येत होता. पाय पांढरे पडून बोटांवर सुरकुत्या आल्या होत्या. ते पंच्याने टिपून, अर्धा तास उघडे ठेवून मग कोरडे मोजे घातले. काहींनी ओले कपडे चुलीवरच्या दोरीला लावायचे ठरवले तेव्हा मावशी म्हणाल्या, “लावा, पण सुकायचं न्हाई. नुसता धुराचा वास लागंल.” तसेच झाले. मी माझे कपडे पिळून, पंच्यात गुंडाळून, पुन्हा पिळून आढ्याला टांगले आणि सकाळी ते दमट, पण बिनवजनाचे झाले होते.

२० जुलैच्या सकाळचा निर्णय मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जड गेला. अंगात उबदार कोरडे कपडे होते, बाहेर पाऊस होता आणि आढ्यावर गार, ओलसर ट्रॅकपँट लोंबत होती. नेत्यांचा नियम स्पष्ट होता की कोरडी जोड परत ड्राय बॅगेत जाईल आणि ओली अंगावर चढेल. मी डोळे मिटून ती घातली. दहा मिनिटे अंगावर काटा होता, भैरवनाथाच्या मंदिराच्या खिंडीकडे चढू लागलो तेव्हा तो गेला. श्रीवर्धन या राजमाचीच्या बालेकिल्ल्यावर आम्ही धुक्यामुळे गेलो नाही. आमच्यातला एक विशीतला मुलगा मात्र कोरडे कपडे घालूनच निघाला होता, आज तर घरीच जायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते.

कोंढाण्याच्या बाजूचा उतार तीव्र आहे आणि दगडांवर शेवाळ होते. साडेसात किलो आणि बारा किलो यांतला फरक इथे गुडघ्यांना कळतो. सकाळी साडेअकराला आम्ही एका ओढ्याशी आलो आणि थांबलो. पाणी गढूळ, तांबूस झाले होते आणि त्यातून पाने व काटक्या वाहत येत होत्या. वर जोराचा पाऊस झाल्याची ही खूण असते. नेत्यांनी काठावर एक काठी रोवली आणि पाणी तिच्यापासून मागे हटेपर्यंत कोणीही उतरायचे नाही, असे सांगितले. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर त्यांच्याकडे ओलांडण्याची परवानगीच नसते. तिथे आम्ही एक तास चाळीस मिनिटे थांबलो.

थांबण्याच्या या वेळेसाठीच तयारी असते, हे मला तिथे दिसले. माझ्या सॅकमधली ताडपत्री झाडांना बांधून आम्ही तेरा जण तिच्याखाली दाटीने बसलो. मी ओल्या ड्रायफिटवर विंडचीटर घालून सगळ्या चेनी लावल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि गार लागले तरी कुडकुडले नाही. कोरडे कपडे घालून आलेला तो मुलगा आता नखशिखान्त भिजला होता आणि त्याच्या सॅकमध्ये कालचे ओले कपडे होते. अर्ध्या तासाने तो थरथरू लागला. मग त्याला विंडचीटरची चेन लावता येईना आणि विचारलेल्याला तो तोंडातल्या तोंडात उत्तर देऊ लागला. ही गारठा अंगात उतरल्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी वाट पाहायची नसते. दोघांनी चादरीचा आडोसा धरला, त्याचे ओले कपडे काढले, एकाचा कोरडा टी-शर्ट आणि माझा फ्लीस त्याला घातला, त्यावर विंडचीटर चढवला आणि डोक्याला माझा पंचा पिळून गुंडाळला. खजूर आणि साखरेचे पाणी दिले. वीस मिनिटांनी त्याने आपल्या हाताने चेन वर ओढली. आमच्यापैकी एकाचीही कोरडी जोड शिल्लक नसती तर ताडपत्रीखाली त्याला काय दिले असते, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

सव्वाएकच्या सुमारास काठी पाण्यापासून वीतभर मोकळी झाली आणि आम्ही हात धरून, एकेक करत पलीकडे गेलो. लेण्यांपाशी थांबलो नाही. कोंदिवड्याच्या खाचरांत लावणी चालू होती. वाकलेल्या बायकांच्या पाठीवर प्लास्टिक मढवलेली इरली होती. इरले पाठीपासून वेगळे उभे राहते, अंगाला चिकटत नाही, खालून वारा खेळतो आणि तासन्‌तास कष्ट करूनही आत घाम कोंडत नाही. विंडचीटरच्या काखेतल्या चेनींना जे थोडेफार साधते ते इथे बांबूच्या कामट्यांनी पूर्ण साधले होते. कर्जत स्थानकावर मी शौचालयात जाऊन कोरडे कपडे घातले आणि लोकलने घरी आले.

घरी येताच सॅक आकडीला लावली. पाणी, खाऊ, ताडपत्री आणि त्या मुलाकडे राहिलेला फ्लीस वजा जाता माझ्या हिशेबाने ती साधारण ३ किलो ७०० ग्रॅम भरायला हवी होती. काटा ४ किलो ७०० वर थांबला. लायनरच्या आतले सगळे कोरडे होते, फ्लीस तर त्या मुलाने धुऊन नंतर परत केला. जास्तीचे किलोभर पाणी पाठीच्या फोममध्ये, खांद्याच्या पट्ट्यांत आणि पंच्यात मुरलेले होते, आणि ते मी दोन दिवस वाहिले होते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरले, लायनर खिडकीच्या उजेडासमोर धरून छिद्रे शोधली, एक सापडले त्यावर चिकटपट्टी लावली. माझ्या यादीच्या वर जिथे आठ किलो लिहिले होते तिथे आता सात लिहिले आहे.